घेऊन जा गे मारबत

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. नागपूरच्या इतवारीतल्या एका जुन्या घराच्या गच्चीवर कठड्याला रेलून वीस-बावीस माणसं उभी, आणि खाली गर्दीतून हळूहळू सरकत येणारी पिवळी मारबत, इडापिडा गावाबाहेर घेऊन जाणारी ती भलीमोठी मूर्ती. पावसानं उघडीप दिली होती, पण हवा ओली होती, नवे कपडे पाठीला चिकटत होते. जिन्यात लहान पोरं लाकडी नंदी घेऊन बोजाऱ्यासाठी, म्हणजे सणाच्या खाऊ-पैशांसाठी, वाट अडवून बसली होती. खालून ढोलताशांवर आरोळी यायची, ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ आणि गच्चीवरून तिला साथ मिळायची. तेवढ्यात घरातल्या धाकट्या भावानं आवाज चढवून आपली ओळ जोडली, ‘आमच्या हिचा विसराळूपणा घेऊन जा गे मारबत!’ गच्ची हसली. मोठे दीर हसले, नणंद हसली, शेजारच्या गच्चीवरचे दोघे-तिघेही हसले. नणदेच्या दहा वर्षांच्या मुलानं लगेच नाव तयार केलं, ‘मारबत मामी!’ मग दुसऱ्यांदा हशा. ती करंज्यांचं ताट घेऊन उभी होती. तीही हसली. ताट या हातातून त्या हातात घेतलं, नणदेकडे दिलं, आणि ‘चहाचं बघते’ म्हणत खाली गेली. अर्ध्या तासानं कुणीतरी हाक मारेपर्यंत ती वर आली नाही.

रात्री पाहुणे गेल्यावर तिनं विषय काढला. तो म्हणाला, ‘अवं, गंमत केली नं. तू काहून एवढं मनाला लावून घेऊन राहिली? सगळेच हसत होते, तू पण हसली.’

हे घर आणि ही माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत, पण त्या रात्रीचं ते वाक्य जसंच्या तसं आहे. ते बदलायची गरजच नाही, कारण समुपदेशनाच्या खोलीत येणाऱ्या कितीतरी जोडप्यांच्या तोंडी ते जवळजवळ याच शब्दांत असतं. धंतोलीतल्या फ्लॅटमध्येही आणि नंदनवनातल्या दोन खोल्यांतही. कधी बोलणारी बायको असते आणि माहेरच्यांसमोर नवऱ्याच्या पगाराचं माप काढत असते. पुढे ‘ती’ आणि ‘तो’ असं लिहिलं आहे ते या एका घराला धरून.

बाहेरच्या माणसाला ही तक्रार फुसकी वाटते, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गच्चीवर जे बोललं गेलं त्यात शिवी नव्हती, विसराळूपणा हा काही कलंक नाही, आणि दूध उतू जाणं कुणाच्या घरी होत नाही? पण तिच्या आईला शेवटची चार वर्षं स्मृतिभ्रंश होता. आई आधी किल्ल्या विसरली, मग गॅस, मग घरचा पत्ता, आणि शेवटी मुलीचं नाव. मागच्या उन्हाळ्यात तिच्या हातून गॅस दोनदा चालू राहिला, तेव्हा कूलरच्या घरघरीत, रात्री दीड वाजता, तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, ‘मला भीती वाटते, माझं पण तसंच होईल का.’ हे घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. म्हणजे गच्चीवर एकच वाक्य उच्चारलं गेलं, पण ते दोन ठिकाणी दोन अर्थांनी पोचलं. वीस माणसांनी एक साधा विनोद ऐकला. तिनं आपली रात्री दीडची भीती भर दुपारी ढोलाच्या तालावर ऐकली. आणि हे दोन्ही अर्थ ठाऊक असलेला माणूस तिथे एकच होता.

म्हणून अशा थट्टेचं वजन शब्दांवरून ठरवता येत नाही. तो विषय कुठून उचलला, हे बघावं लागतं. मित्र मित्राला टकल्या म्हणतो तेव्हा टक्कल सगळ्यांना दिसतच असतं. नवराबायकोंकडे मात्र एकमेकांच्या अशा गोष्टी असतात ज्या फक्त बंद दाराआड दिसतात. झोपेतलं घोरणं, पहिल्या नोकरीतून काढलं जाणं, बाबांनी घेतलेलं कर्ज, मूल होत नसल्यानं चाललेली औषधं, इंग्रजी बोलताना अडखळणारी जीभ. त्या कोठारातलं काही चारचौघांत आलं की ऐकणाऱ्यांना ते सहज वाटतं, आणि ज्याचं आहे त्याच्या पायाखालची फरशी हलते. शिवाय तिथल्या तिथे प्रतिवाद करायचा तर मूळ गोष्ट सांगावी लागते, आणि ती तर सांगायची नसते. ती गच्चीवर काय म्हणणार होती? ‘माझ्या आईला असं झालं होतं म्हणून मला लागलं’? वीस माणसांसमोर, मारबत जात असताना?

आता त्याच्या बाजूचा प्रश्न. तो खोटं बोलत होता का? बहुतेक नाही. बहुतेक वेळा ‘गंमत केली’ म्हणणाऱ्याला ते मनापासून खरं वाटत असतं, आणि भांडण तिथेच अडकतं. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली याच गोष्टीवर संशोधन प्रसिद्ध केलं. चिडवणाऱ्याला स्वतःचा हेतू आतून माहीत असतो, त्यामुळे आपलं चिडवणं त्याला प्रत्यक्षापेक्षा सौम्य वाटतं. ज्याला चिडवलं त्याच्या हातात मात्र फक्त उच्चारलेले शब्द असतात. ‘मी गंमत करतोय’ हे बोलणाऱ्याला जितकं उघड वाटतं, तितकं ते समोर पोचलेलंच नसतं. याचा व्यवहारात एक मोठा उपयोग आहे. हेतूवर वाद घालायचाच नाही. ‘तुम्ही मुद्दाम केलं’ असं म्हटलं की तो प्रामाणिकपणे नाही म्हणणार, आणि पुढचा तासभर त्याचं मन कसं होतं यावर जाणार. तो खटला तिला जिंकता येत नाही, कारण साक्षीदार एकच आहे आणि तो म्हणजे तो स्वतः. बोलायचं ते शब्दांवर, विषयावर आणि कुणासमोर बोललं गेलं त्यावर. या तिन्ही गोष्टी दोघांनीही ऐकलेल्या-पाहिलेल्या असतात.

‘तू पण हसली’ या वाक्याबद्दल थोडं थांबून. चारचौघांत अंगावर विनोद आला की हसणं हे बहुतेकांचं आपोआप होतं. प्रसंग निभावून नेण्याची ती सवय आहे, विशेषतः सुनांना ती लहानपणापासून लावलेली असते. पण नंतर तेच हसू संमतीची सही म्हणून दाखवलं जातं. त्यामुळे ज्या क्षणी विनोद येतो त्या क्षणी फार काही करता आलं नाही तरी एवढं करून बघावं, हसायचं नाही. चेहरा सपाट ठेवायचा, त्याच्याकडे बघायचं, दोन-तीन सेकंद काहीच बोलायचं नाही. हे लिहायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, पहिल्यांदा तर ओठ आपसूक हलतात. जमलंच तर एक छोटं वाक्य, खालच्या आवाजात, ‘हे मला आवडलं नाही,’ आणि लगेच दुसरं काम किंवा दुसरा विषय. वाक्य इतकं लहान हवं की त्याच्यावर चर्चा सुरू होऊ नये. सासूसासरे, मोठे दीर समोर असताना तेही बोलवत नसेल तर नुसतं न हसणं पुरे.

उलट विनोद करणं हा अनेकींचा पहिला उपाय असतो, आणि तो बहुतेक वेळा फसतो. तिनं मागच्या दिवाळीत करून पाहिला होता. तो तिच्या स्वयंपाकावर बोलला, तिनं त्याच्या पोटावर बोलून टाकलं, सगळे टाळ्या पिटून म्हणाले, ‘वा, जोडी जमली!’ तेव्हापासून घरच्यांनी त्या दोघांचा हा कार्यक्रमच ठरवून टाकला. आता कुणी जमलं की लोक वाटच पाहतात. तिला थांबवायचं होतं आणि तिच्याच हातून एक परंपरा सुरू झाली.

खरं काम नंतरच्या बोलण्यात आहे, आणि त्या बोलण्याची वेळ बहुतेक जण चुकवतात.

ती त्या रात्री साडेअकराला बोलली. ओट्यावर खरकटी भांडी, दोघांचे पाय दुखत होते, त्याच्या डोक्यात अजून गच्चीवरचा हशा होता आणि तिच्या डोक्यात अर्ध्या तासाचा एकांत. शिवाय सुरुवात झाली ती ‘तुम्ही नेहमीच असं करता’ या वाक्यानं. ‘नेहमीच’ म्हटलं की ऐकणारा न केलेले प्रसंग शोधायला लागतो, आणि त्याला ते सापडतातच. कारेर आणि गॉटमन यांनी १९९९ साली १२४ नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास मांडला होता. मतभेदाच्या संभाषणाची पहिली तीन मिनिटं कशी जातात यावरून, पुढच्या सहा वर्षांत कोण वेगळं होईल याचा अंदाज येत होता. अंदाजच तो, भाकीत नव्हे. पण सुरुवातीला किती वजन असतं हे त्यातून कळतं. तेव्हा त्याच रात्री नाही, आणि आठ दिवसांनीही नाही, कारण तोवर त्याला शब्द आठवत नाहीत आणि तिच्या मनात ते दुप्पट झालेले असतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, मुलं आतल्या खोलीत असताना, वीस मिनिटं. आधी सांगून ठेवायचं, ‘आज जेवल्यावर थोडं बोलायचं आहे, कालच्या गच्चीवरच्या गोष्टीबद्दल.’ विषय आधी कळला की माणूस दचकत नाही.

बोलण्यात चारच गोष्टी हव्यात, एका मागोमाग एक. नेमके कोणते शब्द होते, कुणासमोर होते, त्यानं मला काय झालं, आणि मला काय हवं. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी हे वहीत लिहून काढलं, दोनदा खोडलं. संध्याकाळी ती म्हणाली ते असं. ‘काल तुम्ही गच्चीवर म्हणाले, हिचा विसराळूपणा घेऊन जा. ताई होत्या, दादा होते, पोरं होती. मला एकदम आई आठवली. मी खाली जाऊन ओट्याला धरून उभी होते. तुमच्या मनात वाईट नव्हतं हे मी धरून चालते. पण माझं विसरणं, हा विषय मला लोकांसमोर नको आहे. घरातही नको, बाहेरही नको.’ यात ‘नेहमी’ नाही, ‘तुम्हाला काही वाटतच नाही’ नाही, आणि मागच्या दिवाळीचा स्वयंपाकही नाही. एकच प्रसंग. स्वयंपाकाचं दुःख खरं आहे, पण त्याच बैठकीत ते काढलं की मुख्य गोष्ट त्याच्याखाली दबते.

मागणी विषयाची आहे, स्वभावाची नाही, हे मला यातलं सगळ्यात कामाचं वाटतं. ‘माझा मान ठेवा’ ही मागणी पाळली की मोडली हे कुणाला सांगता येत नाही. ‘माझ्या विसरण्यावर लोकांसमोर बोलायचं नाही’ ही पाळली की नाही हे लहान मुलालाही कळतं. एका वेळी एक विषय, फार तर दोन. दहा विषयांची यादी दिली की ऐकणारा ती यादी म्हणूनच ऐकतो.

उत्तर मात्र पुन्हा तेच येऊ शकतं. त्याचं आलं, ‘पण मी गंमत केली होती.’ इथे तिनं शिकून ठेवलेलं वाक्य वापरलं, ‘हो, गंमत होती. मला ती लागली. दोन्ही खरं आहे.’ मग तो म्हणाला, ‘म्हणजे आता घरात बोलायचंच नाही का?’ या प्रश्नाला रागानं उत्तर दिलं की संभाषण संपतं, कारण एका विषयाचं दार लावायला सांगितलं असताना त्यानं अख्खं घर बंद केल्याचा आव आणलेला असतो. तेव्हा पुन्हा तेवढंच, ‘बाकी सगळं बोला. हा एक विषय नाही.’ तिसऱ्यांदाही तेवढंच. नवी कारणं द्यायची नाहीत. प्रत्येक नवं कारण म्हणजे वादाला नवा फाटा. तो गप्प बसला. मग टीव्हीचा रिमोट उचलत म्हणाला, ‘बरं.’

हा ‘बरं’ म्हणजे अजून काहीच नाही.

सात-आठ दिवसांनी महालक्ष्म्या आल्या. पुन्हा तेच लोक, पंगत, सोळा भाज्या, आंबील, तुपाचा वास. नणदेनं विचारलं, ‘का रे, आज गप्प गप्प?’ आणि तो म्हणाला, ‘आपल्याले बोलायची बंदी आहे बावा. गृहमंत्र्याची ऑर्डर.’ पुन्हा हशा. त्यानं शब्द पाळला होता, विसरण्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. पण आता तिची विनंतीच विनोद झाली होती. असं होतं तेव्हा बायका सांगतात की पहिल्या विनोदापेक्षा हा जास्त लागला, आणि ते बरोबर आहे. पहिला विनोद नकळत झाला असं मानता येतं. दुसरा, ‘हे मला दुखतं’ असं स्पष्ट सांगितल्यावर झालेला असतो. नातं कुठे उभं आहे हे मला ज्यावरून कळतं ती खूण ही आहे. कुणाच्याही तोंडून वावगं निघतं. विनंतीचं पुढे काय होतं, ते बघायचं.

तिनं हा दुसरा प्रसंग वेगळा बोलायला घेतला, जुन्याचा पुरवणी भाग म्हणून नाही. आणि तोवर तिनं एक गोष्ट सुरू केली होती, वहीच्या मागच्या पानावर चार रकाने. तारीख, शब्द, कोण होतं, नंतर तो काय म्हणाला. हे पुरावे गोळा करण्यासाठी नाही. ‘मी तसं बोललोच नव्हतो, तुलाच तसं वाटतं’ हे पाच-सहा वेळा ऐकलं की शहाण्या माणसालाही आपल्या कानांवर शंका येते, आणि हिच्या बाबतीत तर शंका घ्यायला आधीच जागा होती. विसरण्याची भीती असलेल्या बाईला ‘तुला नीट आठवत नाही’ म्हणणं किती सोपं आहे, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. लिहिलेलं पान मात्र तसंच्या तसं राहतं.

या वेळची मागणीही वेगळी होती. गप्प बसणं पुरेसं नव्हतं, कारण विनोद आता त्याचा एकट्याचा उरला नव्हता. दहा वर्षांचा भाचा तिला दारातूनच ‘मारबत मामी’ म्हणून हाक मारत होता, आणि दादांनी फोनवर ‘मारबत आहे का घरी?’ असं विचारलं होतं. नवऱ्यानं पाडलेली वाट इतरांना राजमार्ग वाटते. ती बंद करणं तिच्या हातात नाही, सुनेनं आक्षेप घेतला तर तो मानापमान होतो. ते त्यालाच करावं लागतं, त्याच माणसांसमोर, कारण जिथे सांडलं तिथेच पुसावं लागतं. तिनं नेमकं सांगितलं, ‘पुढच्या वेळी कुणी ते नाव घेतलं तर तुम्ही थांबवायचं. मी नाही. एक वाक्य पुरे.’ त्यानं या वेळी ‘बरं’ म्हटलं नाही. त्यानं विचारलं, ‘काय म्हणू?’ मला या प्रश्नात त्या ‘बरं’पेक्षा कितीतरी जास्त दिसलं.

सगळीकडे हा प्रश्न येत नाही, हे इथेच सांगायला हवं. काही घरांत ‘मला लागतं’ म्हटल्यावर विनोद वाढतात, नेमके तिथेच येतात. सोबत फोन तपासणं असतं, पैसे अडवणं असतं, माहेरी जाण्यावर पहारा असतो, किंवा बोलायला बसलं की वस्तू फेकल्या जातात. तिथे वर लिहिलेलं दुसऱ्या दिवशीचं शांत संभाषण करू नये, त्यानं धोका वाढू शकतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात, तिसऱ्या कलमात, अपमान, टवाळी, नावं ठेवणं हे शाब्दिक आणि भावनिक छळात धरलं आहे, आणि मूल किंवा मुलगा नसण्यावरून केलेली टवाळी तर वेगळी नोंदवली आहे. म्हणजे बारशाच्या पंगतीत वारंवार केलेला ‘आमच्याकडे अजून पाळणा रिकामाच’ हा विनोद कायद्याच्या नजरेतही विनोद राहत नाही. नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे, महिला हेल्पलाइन १८१ आहे, संरक्षण अधिकारी आहेत. तिथे गेलं म्हणजे लगेच खटलाच होतो असं नाही, आधी म्हणणं ऐकून घेतलं जातं. मात्र प्रत्येक टोमण्याला छळ म्हणणंही बरोबर नाही. वारंवारता, विषय, आणि सांगितल्यावर काय झालं, हे तिन्ही एकत्र बघावं लागतं. वहीतलं ते पान इथेही कामी येतं.

कोजागिरीला सगळे पुन्हा त्याच गच्चीवर जमले. चंद्र कठड्याच्या वर आला होता, मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं, त्यात चारोळ्या आणि वेलदोडा. भाचा आला, पेला पुढे करून म्हणाला, ‘मारबत मामी, मले जास्त दे.’ दोघं-तिघं हसले, सवयीनं. तो सतरंजीवर बसला होता. म्हणाला, ‘ते नाव नाही घ्यायचं आता. मी म्हटलं होतं ते, चुकलं माझं.’ आवाज जरा जास्तच मोठा निघाला त्याचा. गच्ची एकदम शांत झाली, नणदेनं तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. दादा घसा खाकरून दुधाबद्दल काहीतरी बोलले. भाच्याला काही कळलं नाही, तो पेला धरून तसाच उभा होता.

तिनं नंतर सांगितलं की तिला बरं वाटायला हवं होतं, पण आधी संकोच वाटला, सगळ्यांच्या नजरा पुन्हा तिच्यावरच आल्या म्हणून. मग थोडा राग आला, की एवढ्याशा वाक्याला दीड-दोन महिने लागले. मग कधीतरी, पेले भरता भरता, खांदे सैल झाले. भाच्याला तिनं दोन पळ्या जास्त दूध दिलं. सगळे खाली गेल्यावर गच्चीतल्या शेगडीचं बटण बंद केलं, जिन्यापर्यंत आली, आणि परत जाऊन एकदा हात लावून बघितलं. तो रिकामं पातेलं घेऊन जिन्यात थांबला होता, काही बोलला नाही.